सोनोग्राफीचा रिपोर्ट अरबीत पाठवताना: २.४ चे २४ आणि s/o चा ‘मुलगा’

मित्राचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्याचा मोठा भाऊ दम्मामला एका सौदी कुटुंबाकडे ड्रायव्हर आहे. इकडे कल्याणला आईच्या पोटाची सोनोग्राफी झाली होती आणि त्यात काहीतरी निघालं होतं, म्हणून भावाला पंधरा दिवसांची सुट्टी हवी होती. घरचा सगळा कारभार मालकाच्या वडिलांच्या हातात, आणि त्यांना फक्त अरबी वाचता येतं. भावाने इकडून आलेला रिपोर्टचा फोटो फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला, जे अरबी आलं ते तसंच म्हाताऱ्या मालकांना दाखवलं. ते बिचारे हादरले. म्हणाले, हा चोवीस सेंटिमीटरचा ट्यूमर आहे, तू पंधरा दिवस कसले मागतोस?

आता चोवीस सेंटिमीटर म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा जरासंच कमी. आई तर त्या दिवशी स्वतः भाजी घेऊन जिना चढून आली होती. मित्राने मला तो फोटो पाठवला आणि विचारलं, “अरे, नक्की काय आहे यात? आम्हाला डॉक्टर तर म्हणाले घाबरू नका.”

मी डोंबिवलीला राहतो, मोबाइल आणि अ‍ॅपबद्दल लिहितो, डॉक्टर नाही. पण कागदावर काय छापलंय आणि अ‍ॅपने त्याचं काय केलंय हे शोधायला डॉक्टर असावं लागत नाही. मुंब्र्याला माझ्या ओळखीचा एक जण आहे. तो जेद्दाहला एका दवाखान्याच्या काउंटरवर सात वर्षं होता, रोज असे कागद अरबीत समजावून सांगायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसलो आणि त्या एका पानाचं नीट भाषांतर केलं. त्यात जे सापडलं ते इथे लिहितोय. ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात आखाती देशांत माणूस असलेली घरं खूप आहेत, आणि असा फोटो तिकडे पाठवायची वेळ कुणावरही येते.

मूळ कागदावर कामाच्या ओळी तीनच होत्या. यकृताच्या उजव्या भागात २.४ गुणिले १.८ सेंमीचा, स्पष्ट कडा असलेला पांढुरका डाग, पुढे s/o hemangioma असं लिहिलेलं. डावी किडनी १०.१ गुणिले ४.६ सेंमी, तिच्यात ६ मिमीचा खडा, सूज नाही. आणि शेवटी सल्ला: पुढच्या तपासासाठी ट्रायफेजिक सीटी. म्हणजे डॉक्टर सांगत होते की हा डाग रक्तवाहिन्यांची साधी गाठ असावा असं दिसतंय, पण खात्री सीटीनंतर. अ‍ॅपच्या अरबीत या तीनही ओळी बिघडल्या होत्या, आणि प्रत्येक वेगळ्या कारणाने.

आधी आकडे: दशांशचिन्ह घडीत गेलं

रिपोर्ट चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता. एक घडी बरोबर २ आणि ४ च्या मधून गेली होती. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला, वर तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करतं आणि बारीक ठिपके सगळ्यात आधी मरतात. अ‍ॅपला तो ठिपका दिसलाच नाही. २.४ चे २४ झाले. गंमत म्हणजे त्याच ओळीतलं १.८ शाबूत होतं. चोवीस लांब आणि पावणेदोन रुंद असा डाग यकृतात कसा असेल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण अरबी वाचणाऱ्याकडे मूळ कागद नव्हता आणि मूळ कागदवाल्याला अरबी येत नव्हतं.

म्हणून पहिलं काम भाषांतराचं नाहीच. जिथे सोनोग्राफी झाली त्या सेंटरला फोन करा आणि रिपोर्टची पीडीएफ मागा. रिपोर्ट तिथे कॉम्प्युटरवर टाइप केलेला असतो, बरीच सेंटर्स तो पाठवतात. पीडीएफमधला मजकूर थेट कॉपी झाला तर फोटोतून अक्षरं ओळखायची भानगडच संपली. पीडीएफ नसेल तर कागद सपाट करून, दिवसा खिडकीजवळ, फोन बरोबर वरून धरून फोटो काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसं पाठवलं की फोटो दाबला जात नाही.

मग फोटोतून मजकूर बाहेर काढा, पण लगेच अरबी करू नका. आधी फक्त इंग्रजी मजकूर नोट्समध्ये चिकटवा. एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. आकडा, दशांश, एकक, असं एकेक. “दोन पॉइंट चार, सेंमी.” “दोन पॉइंट चार, सेंमी.” बँकेत नोटा मोजल्यासारखं वाटतं, पण आम्हाला पाच मिनिटांत दोन चुका सापडल्या. दुसरी म्हणजे किडनीची १०.१ सेंमी लांबी, तिचे १०१ झाले होते. मोठ्या माणसाची किडनी साधारण दहा ते बारा सेंमी लांब असते, त्यामुळे ही चूक निदान ओरडून सांगते. खड्याच्या मापाचं तसं नाही. ६ मिमीचे ६ सेंमी झाले तर वाचणाऱ्याला ते खरंही वाटू शकतं. म्हणून एकक आकड्याइतकंच जपून वाचायचं.

या पायरीवर ‘नो’ हा शब्दही शोधा. आमच्या कागदात ‘नो’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘हायड्रोनेफ्रोसिस’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला होतं. अ‍ॅपने दोन्ही ओळी वेगळ्या धरल्या. मूळ अर्थ ‘किडनीला सूज नाही’, आणि भाषांतरात सूज आहे! तुटलेल्या ओळी हाताने जोडून एका निरीक्षणाचं एक पूर्ण वाक्य केलं की हा घोळ होत नाही.

s/o म्हणजे ‘अमुकचा मुलगा’ नाही

आधार कार्डावर s/o म्हणजे ‘सन ऑफ’. रेडिओलॉजिस्टच्या कागदावर s/o म्हणजे ‘सजेस्टिव्ह ऑफ’, असं असावं असं सुचवणारं. अ‍ॅप पहिला अर्थ घेऊन मोकळं झालं. अरबीत त्याने चक्क ‘इब्न’ लिहिलं होतं, म्हणजे ‘हिमॅन्जिओमाचा मुलगा’. मुंब्र्याचा मित्र हसून हसून बेजार. पण म्हाताऱ्या मालकांनी तो निरर्थक शब्द सोडून दिला असणार, आणि उरलं काय? नुसता आजार. ‘असावा’ गळून पडला.

हे लक्षात आलं की उपाय सोपा आहे. भाषांतराआधी इंग्रजीतच सगळी लघुरूपं उलगडून लिहायची:

```
s/o hemangioma
suggestive of hemangioma
```

असंच `Adv` चं. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरच्या पाट्यांमध्ये तो वकील असतो, इथे तो डॉक्टरचा सल्ला आहे. ‘कॅल्क्युलस’च्या जागी ‘स्टोन’ लिहा, नाहीतर अ‍ॅप गणितातल्या कॅल्क्युलसकडे जाऊ शकतं. आजाराच्या नावाआधी छापलेलं प्रश्नचिन्हही तसंच सोडू नका. तो प्रश्न नाही, ‘अशी शंका’ असा त्याचा अर्थ. अ‍ॅप ते कधी गाळतं, कधी वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवतं, म्हणून ते शब्दांत लिहा. आणि एखादं लघुरूप कळलंच नाही तर अंदाज करू नका, सेंटरला फोन करून विचारा. रिसेप्शनवरच्या ताईंनाही बहुतेक लघुरूपं पाठ असतात.

इथे एक मोह होतो, तोही सांगतो. मित्र म्हणाला, “आधी मराठी करू, म्हणजे आपल्यालाही कळेल, मग मराठीचं अरबी करू.” नको. मराठीत आपण लेजनला गाठ म्हणतो, सिस्टला गाठ म्हणतो, ट्यूमरलाही गाठच म्हणतो, आणि दोरीलाही गाठच मारतो. एकदा चार वेगळे शब्द ‘गाठ’मध्ये बांधले की अरबीत जाताना ते परत सुटत नाहीत. मराठी तुमच्या समजण्यासाठी करा. अरबी मात्र इंग्रजीवरूनच.

‘असावं’ किती वजनाचं आहे?

खरी अवघड जागा ही. रिपोर्टमधले हे शब्द डॉक्टर अंग चोरण्यासाठी लिहीत नाहीत. सोनोग्राफीत पडद्यावर फक्त आवाजाच्या लहरी परत किती येतात ते दिसतं. यकृतात लहरी जोरात परतवणारा डाग पांढरा दिसतो. हिमॅन्जिओमा बहुतेकदा तसा दिसतो, पण तसं दिसणारं दुसरंही काही असू शकतं. सीटीमध्ये शिरेतून औषध सोडून वेगवेगळ्या वेळी चित्रं घेतात. हिमॅन्जिओमात ते औषध कडेकडून आत हळूहळू भरत जातं, आणि त्यावरून खात्री पटते. म्हणजे ‘सजेस्टिव्ह ऑफ’ या दोन शब्दांत डॉक्टरने आपल्या मशीनला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगितलेलं असतं.

आपल्या मराठीत याच्या पायऱ्या आहेतच: बहुतेक हेच आहे, असं दिसतंय, असू शकेल, नाकारता येत नाही. अरबीतही आहेत. मुंब्र्याच्या मित्राने मला त्या बोटांवर मोजून दाखवल्या. ‘लाइकली’साठी अलल-अर्जह. ‘सजेस्टिव्ह ऑफ’साठी यूही बि, म्हणजे ‘असं सुचवतं’. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’साठी ला युम्किन इस्तिबआद, म्हणजे ‘दूर सारता येत नाही’. अडचण मधल्या पायरीची. मुहतमल हा शब्द अरबीत ‘शक्य’ आणि ‘संभवनीय’ अशा दोन्हींसाठी चालतो, आणि अ‍ॅप कुठलीही शंका दिसली की तोच ठोकून देतं. दहातला एक चान्स आणि दहातले आठ चान्स, दोन्ही मुहतमल.

यावर लोक सांगतात की अरबीचं परत इंग्रजी करून बघा, चूक कळेल. अर्धीच कळते. हरवलेला ‘नो’ आणि बदललेला आकडा यात नक्की पकडला जातो, म्हणून ते कराच. पण मुहतमल परत येताना कधी ‘लाइकली’ होऊन येतो, कधी ‘पॉसिबल’, आणि नशिबाने मूळ शब्दच परत आला तर सगळं ठीक आहे असं वाटतं. या एका शब्दासाठी अरबी जाणणाऱ्या माणसाला फोन करून विचारा: “वाचून तुम्हाला किती खात्री वाटली?” आम्ही तेच केलं. मित्राने आपल्या बायकोला, जिने मूळ रिपोर्ट पाहिला नव्हता, फक्त अरबी ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “डॉक्टरला वाटतंय तसं, पण अजून टेस्ट बाकी आहे.” हेच हवं होतं.

आता त्या ट्यूमर शब्दाकडे. हिमॅन्जिओमाला अरबीत वरम विआई दमवी म्हणतात, रक्तवाहिन्यांचा वरम. आणि वरम म्हणजे सूजही आणि ट्यूमरही. म्हणजे अ‍ॅपने इथे चूक केलीच नव्हती! शब्द बरोबर, पण वाचणाऱ्याच्या काळजात धस्स. मला लगेच वाटलं, पुढे ‘हमीद’ जोडून टाकू. अरबीत साध्या, निरुपद्रवी गाठीला हमीद म्हणतात आणि कॅन्सरच्या गाठीला खबीस. (हो, आपल्या भुतांच्या गोष्टींतला खवीस याच शब्दाचा भाऊ. आणि लेजनला अरबीत म्हणतात आफा, ज्याची आपल्याकडे आफत झाली. रिपोर्टमधल्या लेजनचा अर्थ मात्र फक्त ‘वेगळी दिसणारी जागा’ एवढाच.)

मित्राने मला अडवलं. म्हणाला, “कागदावर बिनाइन लिहिलंय का?” नव्हतं. हिमॅन्जिओमा हा प्रकार साधाच असतो हे खरं, पण हा डाग हिमॅन्जिओमा आहे हे तर डॉक्टरनेही ‘असावा’ म्हणून लिहिलंय. मी ‘हमीद’ जोडला असता तर डॉक्टरने न दिलेली खात्री मी दिली असती. शेवटी आम्ही असं केलं: वरम विआई दमवी लिहून त्याच्या शेजारी मूळ इंग्रजी नाव तसंच ठेवलं, म्हणजे तिकडच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल. आणि खाली, रिपोर्टपासून वेगळं, एक ओळ: “भाषांतर करणाऱ्याची टीप: हे कॅन्सरचं निदान नाही, सीटी व्हायची आहे.” घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा तर तो रिपोर्टच्या बाहेर द्यायचा, रिपोर्टच्या तोंडी घालायचा नाही.

उजवीकडून डावीकडे, आणि मधेच अडकलेलं माप

शब्द झाले, आता पाठवू असं म्हणून मी मजकूर चिकटवला, तर मापं उलटीपालटी. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून वाचतात. फोन प्रत्येक तुकड्याची दिशा स्वतः ठरवतो. अरबी वाक्यात मी हे टाइप केलं:

```
2.4 x 1.8 cm
```

आणि स्क्रीनवर हे दिसलं:

```
x 1.8 cm 2.4
```

कारण फोन आधीचं अरबी बघून पहिला आकडा अरबी वाक्यात धरतो, मग इंग्रजी x आला की तिथून पुढचं सगळं इंग्रजी धरून वेगळा तुकडा करतो. फाइलमध्ये क्रम बरोबर असतो, दिसतो चुकीचा. आणखी फसवी गोष्ट डॅशची. अरबी शब्दानंतर 3-4 लिहिलं की ते 4-3 असं दिसतं. तिरकी रेघ असलेली तारीख मात्र शाबूत राहते, म्हणून तारखा बरोबर दिसल्या तर मापंही बरोबर असतील असं समजू नका.

यावर दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं आहेत, U+2066 आणि U+2069. माप या दोन चिन्हांच्या मध्ये ठेवलं की क्रम टिकतो. पण फोनच्या कीबोर्डवर ती सहज मिळत नाहीत. आम्हाला जमलेला साधा मार्ग असा: प्रत्येक माप स्वतंत्र ओळीवर, त्या ओळीत अरबी अक्षर एकही नाही. तशी ओळ आपोआप डावीकडून सुरू होते. माप वाक्यातच हवं असेल तर x आणि cm दोन्ही काढून अरबी शब्द घाला. अरबीत गुणिलेला फी म्हणतात, म्हणजे “२.४ सेंटिमीटर फी १.८ सेंटिमीटर”. मध्ये इंग्रजी अक्षर उरलंच नाही की तुकडे पडत नाहीत. सेंटिमीटर पूर्ण लिहा. त्याचं अरबी लघुरूप सीन आणि मीम या दोन अक्षरांचं आहे, मिलिमीटरचं मीम आणि मीम. एका अक्षरात दहापटीचा फरक. त्यात सीन-मीम म्हणजे अरबीत ‘विष’सुद्धा, त्यामुळे उलट भाषांतरात यकृतात विष निघालं तर दचकू नका.

आकडे इंग्रजीच ठेवा. आखातात दोन्ही प्रकारचे आकडे चालतात, पण अरबी आकड्यांत आपलीच तपासणी फसते. त्यांचा पाच गोल असतो, अगदी आपल्या मराठी शून्यासारखा, आणि त्यांचं शून्य नुसता ठिपका. दशांशचिन्हासाठी आधीच एका ठिपक्याने आमची झोप उडवली होती.

पाठवण्याआधी फोटोवरचं आईचं नाव, वय आणि पेशंट नंबर सोडून मोबाइल नंबर आणि पत्ता झाकला. नाव ठेवावं लागलं, कारण सुट्टीसाठी आई कोण हे कळायला हवं होतं. आणि वर स्पष्ट लिहिलं की हे घरगुती भाषांतर आहे, मूळ इंग्रजी कागद सोबत आहे. कुठल्या सरकारी कामासाठी किंवा विम्यासाठी कागद लागला तर असं भाषांतर चालत नाही, तिथे मान्यताप्राप्त भाषांतर कार्यालयाचा शिक्का लागतो.

सगळं मिळून अरबीत अकरा ओळी झाल्या. भावाने त्या दुपारी म्हाताऱ्या मालकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि एकच प्रश्न विचारला, “सीटी कोणत्या तारखेला आहे?” भावाने इकडे फोन केला, मित्राने सेंटरला फोन करून मंगळवारची वेळ घेतली, आणि तिकीट सोमवारचं निघालं.